शके १६८२ अधिक किती?

नातवाच्या संगणकात पानिपतची लढाई १७६० साली झाली होती.

"एक वर्ष आधीच मारलंस की रे भाऊला," आप्पा म्हणाले. चष्मा कपाळावर सरकवून ते पडद्याच्या इतके जवळ गेले होते की नातवाला बाजूला व्हावं लागलं. चूक कुठे झाली, हे त्यांना बघताक्षणीच कळलं होतं. नातवाला कळायला थोडा वेळ लागला.

गोष्ट साताऱ्यातल्या एका घरातली. आप्पा इतिहासाचे निवृत्त प्राध्यापक. मराठ्यांच्या कागदपत्रांवर त्यांनी आयुष्यभर काम केलं आणि वाचलेल्या प्रत्येक संदर्भाचं एकेक कार्ड केलं. पाच इंच बाय तीन इंचाची ही कार्डं पूर्वी ग्रंथालयांच्या तालिकांमध्ये असायची. आप्पांची सगळीच काही विकतची नव्हती. महागाईच्या काळात लग्नपत्रिकांचे पाठकोरे तुकडेही त्याच मापात कापलेले. लाकडी खोक्यांत विषयवार लावलेली: रसद, हुंड्या, जासूद, नदीउतार, छावणी. नातू पुण्यात नोकरीला. सुट्टीत घरी आला की खोकी पुसायचं काम त्याच्याकडे असायचं, त्यातूनच हे सगळं संगणकावर घ्यायची टूम निघाली.

त्याला वाटलं होतं, फोटो काढायचे आणि मजकूर टाइप करायचा, झालं. फोटोंचा भाग खरंच सोपा होता. खिडकीशी टेबल, वर स्टँडला उलटा टांगलेला मोबाइल, फ्लॅश बंद. फ्लॅशमुळे जुन्या पेन्सिलीच्या रेघा चकाकतात आणि वाचता येत नाहीत. एक नियम त्याने पहिल्याच दिवशी केला आणि तो सोडला नाही: खोक्यातला क्रम हलवायचा नाही. सातव्या खोक्यातल्या तीनशे बाराव्या कार्डाच्या पाठीवर बारीक पेन्सिलीने 07-0312 हा क्रमांक, आणि फोटोंची नावं `07-0312-a.jpg` व `07-0312-b.jpg`, म्हणजे पुढची आणि मागची बाजू. मागची बाजू कोरी असली तरी फोटो काढायचाच. नाहीतर वर्षभराने मागचा फोटो नाही असं दिसल्यावर पाठ कोरी होती की काढायची राहून गेली, हे कोण सांगणार?

जागा वाचावी म्हणून तो फोटो काळ्या-पांढऱ्यात ठेवणार होता. आप्पांनी ते हाणून पाडलं. कार्डाच्या उजव्या कोपऱ्यात कुठे लाल टिकली होती, कुठे निळी, कुठे काहीच नाही. लाल म्हणजे मूळ ग्रंथ वा कागद मी स्वतः उघडून पाहिला. निळी म्हणजे दुसऱ्याच्या तळटीपेतून उचललं, अजून पडताळायचंय. टिकली नाही म्हणजे नुसतं ऐकलेलं. अभ्यासकाच्या दृष्टीने कार्डावरची सर्वांत मोलाची माहिती हीच, आणि ती एका अक्षरानेही लिहिलेली नव्हती. तक्त्यात तिच्यासाठी 'पाहिले' असा वेगळा रकाना करावा लागला. आप्पांकडून खुणांची आणि संक्षेपांची किल्लीही उतरवून घेतली: 'म.इ.सा.' म्हणजे राजवाड्यांची 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने', 'भा.इ.मं.त्रै.' म्हणजे भारत इतिहास संशोधक मंडळाचं त्रैमासिक. टायपिंगच्या आधी अशी किल्ली केली नाही, तर त्याच ग्रंथाची चार नावं तयार होतात.

तशी ती तरीही झालीच. 'राजवाडे वि. का.', 'वि.का. राजवाडे' आणि 'राजवाडे, विश्वनाथ काशिनाथ' हे माणसाला एक, संगणकाला तिघे. जुनी शुद्धलेखनाची वळणं त्याहून चिवट. आप्पांच्या तरुणपणीच्या कार्डांवर 'नांव', 'कांहीं', 'पुण्यांत' असं अनुस्वारांसह लिहिलेलं, नंतरच्या कार्डांवर ते गेलेले. 'नाव' शोधलं की 'नांव' सापडत नाही. नातवाने सरसकट बदलून टाकायचं ठरवलं, तेव्हा आप्पांनी मान हलवली. "कार्डावर जे आहे ते आहे. तू तुझं शेजारी लिही." म्हणून प्रत्येक कार्डाला दोन ओळी: एकीत जसंच्या तसं, दुसरीत शोधण्यासाठी सारखं केलेलं. काम दुप्पट झालं, पण माझ्या मते हा सबंध उद्योगातला सर्वांत शहाणा निर्णय होता. दुरुस्ती चुकली तर मूळ पाठ शेजारीच असतो.

आता ते पानिपतचं कार्ड. राजवाड्यांचा पहिला खंड १८९८ साली निघाला, त्यात १७५० ते १७६१ या काळातली पत्रं आहेत. आप्पांच्या कार्डावर त्या खंडाचं नाव, पत्राचा लेखांक, खाली दोन ओळींचा सारांश आणि डावीकडे मिती: पौष शुद्ध ८, शके १६८२. लढाई त्याच दिवशीची. नातवाने शाळेत शिकलेला हिशेब लावला, शकात ७८ मिळवा की इसवी सन. तक्त्यात `=D2+78` घातलं, तर सुरुवातीला नुसती चूक दाखवणारा शेराच आला, कारण त्याने आकडे कार्डाप्रमाणे देवनागरीत टाइप केले होते आणि त्याच्या तक्त्याला '१६८२' हा शब्द वाटत होता, संख्या नव्हे. मूळ रकाना तसाच ठेवून शेजारी 1682 लिहिल्यावर उत्तर आलं, 1760.

लढाई झाली १४ जानेवारी १७६१ रोजी. शक सुरू होतो चैत्रात, म्हणजे मार्च-एप्रिलमध्ये. इसवी सन बदलतो जानेवारीत. चैत्रापासून डिसेंबर संपेपर्यंत ७८ मिळवायचे आणि एक जानेवारी उलटली की पुढच्या चैत्रापर्यंत ७९. माघ आणि फाल्गुन बहुतेक निर्धास्त ७९ मध्ये पडतात. पौषाचं मात्र खरं नाही, तो डिसेंबर आणि जानेवारी या दोन्ही महिन्यांवर पाय टाकून असतो. अधिक महिना येऊन गेला की सगळंच पुढे सरकतं. तेव्हा पौषातल्या मितीला सूत्र चालत नाही, जंत्री उघडावी लागते. नातवाने सूत्र काढून टाकलं नाही. पौषाच्या नोंदी गाळून वेगळ्या केल्या आणि त्या एकेक करून आप्पांच्या जंत्रीवरून भरल्या.

पुढे आणखी एक गंमत होती. काही पत्रांत शक नाहीच, 'सन इहिदे सितैन मया व अलफ' असं लिहिलेलं. अरबी आकडे शब्दांत: एक, साठ, शंभर आणि हजार, म्हणजे ११६१. हे शुहूर सन. त्याचं वर्ष मृगाला, जूनच्या आसपास बदलतं. जूनपासून डिसेंबरपर्यंत ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. म्हणजे ११६१ हे वर्ष १७६० आणि १७६१ अशा दोन्हींत विभागलेलं. पानिपतची सगळी मोहीम या एकाच वर्षात मावत नाही, तिची सुरुवात आदल्या वर्षात, म्हणजे ११६० मध्ये पडते. नातवाने हे आप्पांच्या तोंडून ऐकून कागदावर मांडलं, तेव्हा आजीने चहा ठेवताना विचारलं, "मग त्या लोकांना स्वतःला तरी ठाऊक होतं का, कोणतं साल चाललंय?" दोघांनीही उत्तर दिलं नाही.

संदर्भ सांभाळायला त्याने झोटेरो हे मोफत सॉफ्टवेअर घेतलं. तिथे अडचण वेगळीच. झोटेरोत एका पुस्तकाला तारखेचा एकच रकाना, आणि या कार्डाला दोन तारखा: ग्रंथ छापला १८९८ साली, पत्र लिहिलं १७६१ साली. पत्राची तारीख त्या रकान्यात घातली तर राजवाडे पानिपतच्या सुमारास पुस्तकं छापताहेत असं दिसायचं. शेवटी ग्रंथाची नोंद एकदाच केली आणि प्रत्येक पत्र त्या नोंदीच्या पोटात टिपण म्हणून ठेवलं. टिपणाच्या पहिल्या ओळीत पत्राची तारीख आधी वर्ष, मग महिना, मग दिवस अशी लिहिली, म्हणजे यादी आपोआप कालक्रमाने लागते. विषय मात्र लेबल म्हणून चिकटवला.

त्या लेबलांवरूनच सर्वांत मोठा घोळ झाला असता. तक्त्यात एकच ग्रंथ, तोच खंड, तोच लेखांक असलेल्या ओळी दोनदोनदा येत होत्या. नातवाने दुहेरी नोंदी उडवण्याचं बटण दाबलं. संध्याकाळी सवयीने ओळी मोजल्या, तर त्या फोटोंच्या जोड्यांपेक्षा कमी. ही मोजदाद तो रोज करायचा म्हणून चूक त्याच दिवशी सापडली. गेलेल्या ओळींचे फोटो उघडले. एकाच पत्राचं एक कार्ड 'रसद' खोक्यात होतं, दुसरं 'हुंड्या' मध्ये, आणि दोन्हींवरचा सारांश निराळा. एकावर दाण्याचा भाव उतरवलेला, दुसऱ्यावर पैसे कुणाच्या पेढीवरून आले ते.

"ती दोन कार्डं नव्हेत," आप्पा म्हणाले, "मी दोनदा वाचलंय ते पत्र. दोन वेगळ्या वेळी."

ओळी परत आणल्या. खोक्याचा क्रमांक हाही रकाना कायम ठेवला, म्हणजे हवं तेव्हा संगणकातही आप्पांच्या कप्प्याचा क्रम जसाच्या तसा लावता येतो.

हस्ताक्षर यंत्राने वाचून घ्यायचा प्रयत्नही झाला. छापील देवनागरी वाचणारं सॉफ्टवेअर त्यांच्या घाईतल्या जोडाक्षरांपुढे हात टेकत होतं. 'श्री' चा 'थ्री' झाला, मोडी वळणाचे 'र' हरवले. ते सोडून देऊन संध्याकाळी आप्पांनी वाचायचं आणि नातवाने टाइप करायचं, असं ठरलं. आप्पा वाचता वाचता थांबायचे, एखाद्या कार्डाकडे बघून "हे चुकलंय" म्हणायचे, आणि ती दुरुस्तीही तारीख घालून वेगळ्या रकान्यात जायची, मूळ मजकुरावर नाही.

सगळं भरून झाल्यावर नातवाने पहिली चाळणी लावली ती 'पाहिले' या रकान्याला: निळ्या टिकल्यांची कार्डं तेवढी दाखव. यादी बरीच लांब होती. आप्पांना ती छापून हवी होती. त्यातले बरेच जुने ग्रंथ आता स्कॅन होऊन इंटरनेटवर मोफत वाचायला मिळतात, तेव्हा दोघं एकेक पान उघडून पडताळायला बसले. काही टिकल्या लाल झाल्या. पण काही ठिकाणी कार्डावरच्या पानावर वेगळंच पत्र निघे. चूक ना आप्पांची होती ना तळटीप लिहिणाऱ्याची. तळटीपवाल्याने पहिली आवृत्ती पाहिली होती, समोर उघडलं होतं ते पुनर्मुद्रण, आणि पानांचे आकडे बदलले होते. लेखांक मात्र दोन्हीकडे तोच. तक्त्यात 'आवृत्ती' असा एक रकाना वाढवावा लागला. जुन्या कार्डांसाठी तो बहुतेक कोराच राहिला आहे. पान जुळत नसलं की आता लेखांकावरून शोधतात, आणि जिथे लेखांकच लिहिलेला नाही ती कार्डं आप्पांनी वेगळ्या खोक्यात काढून ठेवली आहेत.