उलट म्हणजे नेमकं कसं?

नवोदय विद्यालयाच्या सहावीच्या प्रवेश परीक्षेत 100 पैकी 50 गुण मानसिक क्षमता चाचणीचे असतात. 40 प्रश्न, सगळे आकृत्यांचे, आणि वेळ तासाभराचा. म्हणजे एका प्रश्नाला दीड मिनिट. आकृत्यांची मालिका आणि आरशातील प्रतिमा हे त्यातले दोन प्रकार. सरावाच्या पुस्तकांत त्यांचे धडे वेगळे असतात, पण पाचवीच्या मुलांना शिकवताना माझ्या लक्षात आलं, की दोन्हीकडे मुलं एकाच जागी अडखळतात.

एक आकृती डोळ्यांसमोर आणा. मधे उभी काठी. काठीच्या टोकाला उजवीकडे त्रिकोणी झेंडा, बुडाशी डावीकडे छोटं वर्तुळ. आकृतीच्या उजव्या अंगाला उभी रेघ, तोच आरसा. पर्याय चार. पहिल्यात झेंडा खाली डावीकडे आणि वर्तुळ वर उजवीकडे. दुसऱ्यात झेंडा खाली उजवीकडे, वर्तुळ वर डावीकडे. तिसऱ्यात झेंडा वर डावीकडे, वर्तुळ खाली उजवीकडे. चौथी आकृती मूळ आकृतीसारखीच.

वर्गातली बरीच मुलं पहिला पर्याय निवडतात. एका मुलीला कारण विचारलं, तर ती म्हणाली, "बाई, सगळं उलट झालंय ना!" तिचं काही चुकलं नव्हतं. शर्ट आतून बाहेर घातला तरी आपण उलटा म्हणतो, पेला पालथा घातला तरी उलटा आणि पाटी फिरवून धरली तरी उलटीच. आरसा मात्र यातलं एकच करतो. उभा आरसा डाव्याचं उजवं करतो. वरचं वर आणि खालचं खालीच राहतं. म्हणून उत्तर तिसरं. दुसरा पर्याय पाण्यातल्या प्रतिबिंबाचा आहे, आणि पहिली आकृती कुठल्याच आरशातली नाही. मूळ आकृतीच अर्धा फेरा फिरवून ठेवली आहे.

हे ओळखायला मी मुलांना काठीवरून चालायला लावते. बुडाशी उभं राहायचं, तोंड टोकाकडे करायचं आणि झेंडा कुठल्या हाताला येतो ते पाहायचं. मूळ आकृतीत तो उजव्या हाताला आहे. पहिल्या पर्यायात आपण वरून खाली चालतो, त्यामुळे कागदाच्या डावीकडचा झेंडा आपल्या उजव्याच हाताला येतो. आकृती कितीही फिरवा, हात बदलत नाही. आरशात तो बदलतोच. या एका तपासणीत पहिला आणि चौथा पर्याय गळतात. उरलेल्या दोघांत आरसा उभा की आडवा एवढंच बघायचं.

हीच युक्ती मालिकेत कामाला येते. तिथे तीन आकृत्या दिलेल्या असतात आणि चौथी शोधायची असते. समजा, पहिल्या चौकोनात वर तोंड केलेला बाण आहे. त्याच्या टोकाला उजवीकडे एकच पंख, आणि चौकोनाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात ठिपका. दुसऱ्यात बाण उजवीकडे वळलाय, पंख खालच्या अंगाला, ठिपका खालच्या डाव्या कोपऱ्यात. तिसऱ्यात बाणाचं तोंड खाली, पंख डावीकडे, ठिपका खालच्या उजव्या कोपऱ्यात.

सगळं एकदम पाहिलं की डोकं गरगरतं. एका वेळी एकच वस्तू धरायची. बाण घड्याळाच्या काट्याप्रमाणे एकेक काटकोन फिरतोय, म्हणजे पुढे तो डावीकडे तोंड करणार. ठिपका उलट्या दिशेने एकेक कोपरा सरकतोय, म्हणून तो वरच्या उजव्या कोपऱ्यात जाणार. एवढ्यावर मुलं पेन्सिल टेकवतात. पण हे दोन्ही जुळणारे पर्याय बहुधा दोन असतात: एकात पंख वरच्या अंगाला, दुसऱ्यात खालच्या. बाणाच्या शेपटाकडून टोकाकडे चालून पाहा. तिन्ही आकृत्यांत पंख उजव्या हातालाच आहे. डावीकडे तोंड केल्यावर उजवा हात वर येतो, म्हणून पंख वरच. खालचा पंख दाखवणारी आकृती आरशातली आहे.

काही मालिकांत मात्र हात उजवा, डावा, उजवा असा आलटूनपालटून येतो. तिथे पालटणं हाच नियम असतो, त्यामुळे तिन्ही आकृत्या तपासल्याशिवाय निष्कर्ष काढू नये. आणि दोन्ही बाजूंना पंख असलेल्या बाणाला उजवा-डावा हात नसतोच. तिथे ही युक्ती चालत नाही, नुसती दिशा आणि जागा पाहावी लागते.

घरी सरावाला ट्रेसिंग पेपरचा तुकडा पुरतो. आकृती त्यावर गिरवायची आणि वहीचं पान उलटतो तसा कागद उलटायचा. पलीकडून दिसते ती उभ्या आरशातली प्रतिमा. कॅलेंडरचं पान खालून वर उलटतो तसा उलटला, तर पाण्यातलं प्रतिबिंब. आणि न उलटता टेबलावर नुसता फिरवला, तर तो पहिला पर्याय. त्या मुलीने तिन्ही करून पाहिलं, कागद खाली ठेवला आणि म्हणाली, "बाई, मी नुसता फिरवला होता."