एक जूनवाल्यांचे हाफ तिकीट

सातारा किंवा सांगलीच्या एसटी स्टँडवर बाकावर टेकलेल्या आजोबांना जन्मतारीख विचारून पाहा. बऱ्याच जणांची तारीख एकच निघेल, १ जून. मुलगा शाळेत घालायला आला, घरी कुणाला तारीख ठाऊक नव्हती, तेव्हा गुरुजींनी शाळा सुरू होण्याच्या हिशेबाने जूनची पहिली तारीख रजिस्टरात मांडून टाकली. साठ वर्षांनी हीच तारीख एसटीचे अर्धे तिकीट ठरवते.

एसटीत ६५ पूर्ण झालेल्यांना अर्धे भाडे असते. २६ ऑगस्ट २०२२ पासून ‘अमृत ज्येष्ठ नागरिक’ योजनेत ७५ पूर्ण झालेल्यांना राज्यात प्रवास मोफत आहे. मार्च २०२३ पासून सर्वच महिलांना अर्धे तिकीट मिळते, त्यामुळे आजींच्या वयाचा प्रश्न येतो तो थेट पंचाहत्तरीला. आजोबांना मात्र तो पासष्टीलाच सोडवावा लागतो. नातवंडांचे गणित वेगळे. विद्यार्थी पासाला वयाचा दाखला लागत नाही, शाळेचे बोनाफाईड आणि फोटो लागतो. मुलांना एक तृतीयांश रक्कम भरावी लागते आणि बारावीपर्यंतच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत पास फुकट मिळतो.

आता आजोबांकडे येऊ. समजा, कोरेगाव तालुक्यातल्या एका आजोबांच्या आधार कार्डावर जन्मतारखेऐवजी फक्त ‘१९६१’ एवढे साल आहे. नोंदणीच्या वेळी कागद नव्हता म्हणून अंदाजे वय सांगितलेल्यांची कार्डे अशीच असतात. २०२६ च्या मार्चमध्ये हे कार्ड पाहून ६५ पूर्ण झाली की नाहीत, हे वाहकाला सांगता येणार नाही. शाळेच्या दाखल्यावरची १ जून १९६१ ही तारीख मात्र स्पष्ट सांगते, की १ जून २०२६ पासून अर्धे तिकीट.

म्हणून आधी पॅन, मतदार ओळखपत्र किंवा लायसन्स पाहावे. पूर्ण तारीख त्यातल्या एकावर असली तरी भागते. कशावरच नसेल, तर शिकलेल्या शाळेत जाऊन शाळा सोडल्याचा दाखला किंवा जनरल रजिस्टरचा उतारा काढावा. त्याच्या आधारे ‘आपले सरकार’ पोर्टलवरून तहसीलदारांच्या ज्येष्ठ नागरिक प्रमाणपत्रासाठी अर्ज करता येतो.

मोबाईलवरच्या ओटीपीने नोंदणी करायची, जिल्हा आणि तालुका निवडायचा, महसूल विभागातली सेवा उघडायची, ओळखीचा, पत्त्याचा आणि वयाचा पुरावा जोडायचा, शुल्क भरायचे आणि अर्जाचा क्रमांक जपून ठेवायचा. अर्ज अडतो तो बहुधा फोटोशी. पोर्टलला फोटो १६० पिक्सेल रुंद, २०० ते २१२ पिक्सेल उंच आणि ५ ते २० केबीचा लागतो. मोबाईलने काढलेला फोटो काही एमबीचा असतो, म्हणून तो परत येतो. आधी उभा चौकोन कापून घ्यावा, चार भाग रुंदी आणि पाच भाग उंची, मग आकार कमी करावा. उलट केले तर चेहरा चपटा होतो. कागदपत्रांची अडचण दुसऱ्या टोकाची. त्यांना किमान ७५ केबी लागतात, आणि व्हॉट्सअपवरून आलेला दाखला दाबून इतका लहान झालेला असू शकतो की तोही नाकारला जातो. त्याची अक्षरेही पुसट होतात. दाखला स्कॅन करून घेतलेला बरा.

दुसरी अडचण नावाची. रजिस्टरात ‘बाबू ज्ञानू’ आणि आधारवर ‘बाबुराव ज्ञानदेव’ असेल, तर दोन्ही एकच, हे तहसील कार्यालयाला कळायला हवे. अर्ज भरण्याआधीच दोन्ही कागद शेजारी ठेवून अक्षरन्‌अक्षर ताडून पाहावे. आधारवरची जन्मतारीख साधारणपणे एकदाच बदलता येते आणि त्यासाठी केंद्रावर स्वतः जावे लागते. घाईत चुकीची तारीख घालून ती संधी घालवू नये.

हे प्रमाणपत्र हातात आले म्हणजे तिकीट अर्धे झाले, असे मात्र समजू नका. सरकारी धोरणात साठी ओलांडली की माणूस ज्येष्ठ होतो, एसटीत मात्र पासष्टीला. एकसष्टीच्या आजोबांकडे खरे प्रमाणपत्र असूनही त्यांना पूर्ण भाडे द्यावे लागते. दाखवायचे ते ‘ज्येष्ठ नागरिक’ हे शब्द नव्हेत, त्याखालची जन्मतारीख. मिरजेहून अथणीला निघालेल्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावे. सवलत महाराष्ट्राच्या हद्दीपर्यंतच असते, कर्नाटकातल्या टप्प्याचे भाडे पूर्ण पडते. आणि मिरज जंक्शनच्या तिकीट खिडकीवर यातले काहीच चालत नाही, कारण रेल्वेने ज्येष्ठांची सवलत २० मार्च २०२० पासून थांबवली आहे.

गुरुजींनी एका ओळीत लिहिलेली ती तारीख खरी होती की अंदाजाची, हे आता कुणी विचारत नाही. सगळ्या कागदांवर ती एकच असली, की वाहक अर्धे तिकीट फाडतो.