पाऊस आत शिरतो तो शिवणीतून

पावसाळी ट्रेकसाठी जॅकेट घ्यायला गेलं की पहिल्यांदा नजर जाते ती लेबलवरच्या आकड्याकडे. ५,००० मिमी, १०,००० मिमी, २०,००० मिमी. आकडा जितका मोठा तितकी किंमत मोठी, आणि तितकंच आपण कोरडे राहू असा समज. सह्याद्रीत मात्र १०,०००चं जॅकेट घातलेला माणूस आणि साधा पाँचो घातलेला माणूस पुष्कळदा सारखेच भिजून खाली उतरतात. असं का होतं हे कळलं की जॅकेट आणि सॅक निवडणं बरंच सोपं होतं.

आधी आकड्याचा अर्थ पाहू. कापडाचा तुकडा ताणून बसवतात, त्यावर पाण्याचा स्तंभ उभा करतात आणि किती उंचीला पाणी पलीकडे झिरपू लागतं ते मोजतात. १०,००० मिमी म्हणजे दहा मीटर उंच स्तंभाचा दाब त्या कापडाने झेलला. पडणाऱ्या पावसाचा दाब यापेक्षा खूपच कमी असतो. १,५०० मिमी पेलणारं कापडही हलक्या सरीत टिकतं. दाब खरा वाढतो तो सॅकचे पट्टे खांद्यावर आवळले जातात तिथे, किंवा ओल्या दगडावर आपण बसतो तिथे. म्हणून ५,००० ते १०,००० मिमीचं कापड आपल्या पावसाला पुरतं. त्यापुढचे पैसे कापडावर घालण्यापेक्षा शिवणीवर घातलेले बरे.

सुईने पाडलेली भोकं

हा आकडा कोऱ्या, न शिवलेल्या कापडाचा असतो. जॅकेट मात्र शिवावं लागतं. खांदे, बाह्या, काखा, टोपी या सगळ्या शिवणी मिळून पाच मीटर धरल्या आणि सेंटिमीटरला तीन टाके धरले, तर एका जॅकेटमध्ये सुईने दीड हजार भोकं पाडलेली असतात. ती बंद करण्यासाठी आतल्या बाजूने शिवणीवर प्लास्टिकची पातळ पट्टी उष्णतेने चिकटवतात. तिला सीम टेप म्हणतात.

दुकानात जॅकेट हातात आलं की ते उलटं करा. प्रत्येक शिवणीवर बोटभर रुंदीची गुळगुळीत, सपाट पट्टी दिसली पाहिजे. काही जॅकेटांत ती फक्त खांद्यांवर आणि टोपीवर असते, काखेत आणि कडेला नसते. तासाभराच्या सरीत ते चालतं, दिवसभराच्या पावसात चालत नाही. सॅकच्या आत तर बहुतेक वेळा कापडाची जाडसर किनारपट्टी शिवलेली दिसते. ती धागे उसवू नयेत म्हणून असते, पाणी अडवायला नव्हे. या दोन पट्ट्यांतला फरक ओळखता आला, तर विक्रेत्याच्या ‘वॉटरप्रूफ’ शब्दावर अवलंबून राहावं लागत नाही.

चेनचंही असंच आहे. साध्या चेनच्या दातांमधून पाणी सहज शिरतं. वरून रबरासारखा लेप दिलेली चेन पाणी बराच वेळ थोपवते, पण पूर्ण बंद करत नाही. चेनवर कापडाची झडप असेल आणि आत आणखी एक पट्टी असेल, तर साधी चेनही उत्तम काम देते.

बाहेरचा पाऊस आणि आतला घाम

शिवणी पक्क्या असल्या तरी एक पाणी उरतंच, ते आपलंच. ‘श्वास घेणारं’ म्हणून विकलं जाणारं कापड पाऊस अडवतं आणि घामाची वाफ बाहेर सोडतं. यातलं सर्वांत प्रसिद्ध कापड गोर-टेक्स. अमेरिकेत बॉब गोर यांनी १९६९ मध्ये टेफ्लॉनच्या जातीचा पदार्थ झटक्याने ताणून त्यापासून अतिसूक्ष्म छिद्रांचा पडदा तयार केला, त्यातून ते पुढे आलं. या छिद्रांतून पाण्याचा थेंब जात नाही, वाफ मात्र जाते.

पण वाफ आपोआप बाहेर पडत नाही. जॅकेटच्या आत दमटपणा जास्त आणि बाहेर कमी असेल तरच ती बाहेर ढकलली जाते. हिमालयात किंवा युरोपात बाहेर पाच अंश तापमान असतं, त्या थंड हवेत वाफ फारच थोडी असते, म्हणून ढकलणारा जोर मोठा राहतो. जुलैत आपल्या घाटवाटेवर बाहेर पंचवीस अंश असतात आणि हवा आधीच वाफेने भरलेली असते. तो जोर थंड प्रदेशातल्या जोराच्या निम्म्याच्या आसपास येतो.

आता हिशेब करू. लेबलवर ‘श्वासक्षमता १०,००० ग्रॅम’ लिहिलेलं असेल, तर त्याचा अर्थ एक चौरस मीटर कापडातून चोवीस तासांत दहा लिटर पाणी वाफ होऊन जातं, म्हणजे तासाला साधारण चारशे मिली. तेही प्रयोगशाळेतल्या अनुकूल परिस्थितीत. दमट हवेत सॅक घेऊन चढणाऱ्या माणसाला तासाला अर्धा ते एक लिटर घाम येतो. त्यात बाहेरचं कापड पावसाने चिंब झालं आणि पाठ सॅकने झाकली गेली की वाट आणखी अडते. आत साचलेला ओलावा पाहून आपण म्हणतो, जॅकेट गळतंय. ते गळत नसतं.

मावळात आणि कोकणात शेतकरी जे इरलं वापरत आले ते या दृष्टीने पाहण्यासारखं आहे. डोकं आणि पाठ झाकलेली, समोरून आणि खालून मोकळं. वाकून लावणी करताना पाऊस पाठीवरून ओघळतो आणि अंगाला वारा लागत राहतो. आपल्या हवेत कापडाने श्वास घेण्यापेक्षा वाऱ्याला वाट असणं जास्त उपयोगाचं. म्हणून जॅकेट घेताना काखेखाली चेन आहे का ते पाहा. चढताना ती पूर्ण उघडी ठेवा, थांबल्यावर बंद करा. जॅकेटचं खरं काम थांबल्यावरच सुरू होतं. माथ्यावरच्या वाऱ्यात ओलं अंग झपाट्याने गार पडतं आणि तेव्हा वारा अडवणारं काहीतरी लागतंच.

एक ट्रेक, एक सॅक

पाचनईत मुक्काम करून सकाळी हरिश्चंद्रगड चढायचा आणि तोलारखिंडीतून खिरेश्वरला उतरायचं असं धरू. सगळं सामान दिवसभर पाठीवर. त्यासाठी ४० ते ४५ लिटरची सॅक पुरते. भार कंबरेवर टेकवणारा जाड कमरपट्टा हवा, कारण निसरड्या वाटेवर खांद्यावर लोंबणारं ओझं तोल घालवतं.

कापडावर २१०, ४२०, ६०० असे डेनियरचे आकडे असतात. ९,००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन म्हणजे डेनियर. आकडा मोठा तितका धागा जाड. अंगाला २१० डेनियर रिपस्टॉप नायलॉन आणि तळाला ४२० किंवा त्याहून जाड कापड असेल, तर खडकावर टेकवायला हरकत नाही. नायलॉन घासणीला चिवट असतं, पण थोडं पाणी पितं. पॉलिएस्टर त्याहून कमी पितं. पाठीच्या गादीचा स्पंज मात्र पाणी धरून ठेवतो, म्हणून गादी पातळ आणि जाळीदार असावी. तळाला पाणी निघून जायला बारीक भोक असलं तर उत्तम.

रेनकव्हर हवंच, पण भरवसा त्यावर नको. ते पाठीची बाजू झाकत नाही. मानेवरून आलेलं पाणी पाठीच्या गादीतून सॅकमध्ये झिरपतं आणि तळाशी साचतं. कोकणकड्याच्या वाऱ्यात कव्हर उडूनही जातं, ते दोरीने बांधावं. खरं संरक्षण आत असतं. सॅकपेक्षा मोठी, जाड प्लास्टिकची अखंड पिशवी आत पसरा. स्लीपिंग बॅग आणि कोरडे कपडे तळाशी, वर शिधा. हवा दाबून काढा, तोंडाला पीळ द्या, दुमडून बांधा. औषधं आणि फोन वेगळ्या, तोंड गुंडाळून बंद होणाऱ्या पिशवीत. पाण्याची बाटली आणि जॅकेट या पिशवीच्या बाहेर. आता सॅक चिंब झाली तरी रात्रीचे कपडे कोरडे निघतील.

पाँचो स्वस्त, मोकळा आणि सॅकलाही झाकणारा. पाचनईच्या रुंद वाटेवर तो छान. पण तोलारखिंडीच्या कातळावर, जिथे रेलिंग धरून उतरायचं असतं, तिथे वाऱ्याने फडफडणारा पाँचो पाय दिसू देत नाही. तिथे तो काढून जॅकेट घालावं. दोन्हींपैकी एकच घ्यायचं असेल तर काखेत चेन असलेलं जॅकेट घ्या.

कोणाचं घ्यावं

कंपनीपेक्षा ती काय लिहून देते ते पाहावं. डेकॅथलॉनच्या जॅकेटवर पाण्याच्या स्तंभाचा आकडा बहुधा स्पष्ट दिलेला असतो, त्यामुळे तुलना सोपी जाते. गोर-टेक्सची कंपनी पडदा बनवते आणि इतर उत्पादकांना परवाना देते. शिवणी टेपने बंद करणं ही तिची अटच आहे, म्हणून त्या लेबलच्या जॅकेटात शिवणीची काळजी उरत नाही. मात्र आपल्या दमट हवेत त्या किमतीचा पुरा मोबदला मिळत नाही. हिमालयातही जाणार असाल तरच तो खर्च करावा. कोलकात्याच्या डकबॅकसारखे रबराचा लेप दिलेले रेनकोट पाणी नक्की अडवतात, पण घाम आतच राहतो. ते प्रवासाला चांगले, चढाला नाहीत. सॅकसाठी बंगळुरूची वाइल्डक्राफ्ट, डेकॅथलॉन, जर्मनीची डॉयटर किंवा अमेरिकेची ऑस्प्रे यांपैकी काहीही घ्या, पण त्याआधी तुटलेलं बकल आणि उसवलेला पट्टा जवळपास कुठे दुरुस्त होईल ते विचारा.

विकत घेतल्यावर घरीच परीक्षा घ्या. सॅकमध्ये वर्तमानपत्राचे बोळे भरा, शॉवरखाली दहा मिनिटं ठेवा आणि कुठला बोळा ओला झाला ते पाहा. चेनजवळचा की तळाचा, यावरून गळतीची जागा कळते. जॅकेटची शिवण टिश्यू कागदावर ठेवून वरून पाणी ओता, टेप सुटली असेल तर कागद लगेच सांगेल.

पावसाळा संपला की जॅकेट आणि सॅक सौम्य साबणाने धुऊन सावलीत पूर्ण वाळवा. कापडाच्या आत दिलेला पॉलियुरेथेनचा लेप ओलाव्याने आणि उष्णतेने हळूहळू विघटित होतो. आधी चिकट लागतो, मग आंबट वास येतो, शेवटी पांढरे पापुद्रे सुटतात. पापुद्रे सुटलेलं जॅकेट पुन्हा जलरोधक होत नाही. कापडावरून थेंब ओघळेनासे झाले असतील, तर मात्र धुऊन आणि वरून पाणीरोधक फवारा मारून ते बरंच सुधारतं. दमट कपाटात कोंबण्याऐवजी जॅकेट हँगरला टांगून ठेवलं, तर पुढच्या जूनमध्ये नवं घ्यावं लागण्याची शक्यता बरीच कमी होते.