सूक्ष्म हिमॅटोक्रिट

सूक्ष्म हिमॅटोक्रिट ही रक्तातील तांबड्या पेशींचे घनफळ मोजण्याची प्रयोगशाळेतील पद्धत आहे. रक्ताने भरलेली बारीक केशनलिका सेंट्रिफ्यूजमध्ये अतिशय वेगाने फिरवली असता तांबड्या पेशी तळाशी दाबून बसतात. रक्ताच्या एकूण स्तंभाशी या पेशींच्या स्तंभाचे जे प्रमाण असते त्यास पॅक्ड सेल व्हॉल्यूम (पीसीव्ही) किंवा हिमॅटोक्रिट म्हणतात. ते टक्क्यांत सांगतात. प्रौढ पुरुषांत ते साधारणपणे ४० ते ५०, तर स्त्रियांत ३६ ते ४६ टक्के असते. रक्तक्षयात ते घटते. शरीरातील पाणी कमी झाल्यास किंवा तांबड्या पेशी वाजवीपेक्षा वाढल्यास ते वाढते.

## पार्श्वभूमी

मॅक्सवेल विन्ट्रोब यांनी १९२९ मध्ये प्रचारात आणलेल्या नळीत सुमारे १ मिलिलिटर रक्त लागे आणि ती ३० मिनिटे फिरवावी लागे. केशनलिकेच्या पद्धतीत बोटाच्या टोकातून घेतलेले काही थेंब पुरतात आणि ५ मिनिटांत काम होते. वेळेतील हा फरक वेगामुळे पडतो. विन्ट्रोब नळीवर गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे २,००० पट बल पडते. केशनलिकेच्या यंत्रात फिरण्याची त्रिज्या ८ सेंटिमीटर आणि वेग मिनिटाला १२,००० फेरे असल्यास हेच बल सुमारे १२,९०० पट होते.

## कृती

केशनलिका सुमारे ७५ मिलिमीटर लांब असून तिचा आतील व्यास १ मिलिमीटरहून थोडा जास्त असतो. बोटातून थेट रक्त घ्यायचे असल्यास आतून हेपारिन लावलेली नलिका वापरतात. ईडीटीए घालून न गोठवता ठेवलेल्या रक्तासाठी साधी नलिका चालते. असे रक्त आधी हलक्या हाताने नीट मिसळून घ्यावे लागते, कारण उभ्या ठेवलेल्या बाटलीत पेशी लवकर खाली बसू लागतात.

नलिका दोन-तृतीयांश ते तीन-चतुर्थांश भरतात. तिचे बाहेरील अंग पुसून एक टोक मेणासारख्या मातीत दाबून बंद करतात. ती यंत्रातील खाचेत ठेवताना बंद टोक बाहेरच्या बाजूस, रबरी पट्टीला टेकलेले असावे, आणि समोरच्या खाचेत दुसरी नलिका ठेवून तोल साधावा. पाच मिनिटे फिरवून झाल्यावर नलिका लगेच काढून उभी ठेवतात. ती यंत्रात आडवी राहू दिली तर थरांच्या सीमा तिरप्या होतात आणि वाचन अवघड होते.

## वाचन

फिरवलेल्या नलिकेत तळापासून वर असे थर दिसतात: बंद करणारी माती, तांबड्या पेशींचा गडद स्तंभ, बफी कोट हा पातळ फिकट थर आणि त्यावर पिवळसर, पारदर्शक रक्तद्रव. वाचनपट्टीवर तांबड्या स्तंभाचा तळ शून्यावर आणि रक्तद्रवाची वरची कड शंभरावर आणतात. मग तांबड्या स्तंभाच्या माथ्याशी येणारा आकडा म्हणजे पीसीव्ही. मातीचा थर मोजणीत धरत नाहीत. वाचनपट्टी नसल्यास साध्या मोजपट्टीने दोन्ही उंची मोजून भागाकार करता येतो. एकाच रक्ताच्या दोन नलिका फिरवण्याची रीत आहे; दोन्ही वाचनांत २ टक्क्यांहून अधिक अंतर पडल्यास चाचणी पुन्हा करतात.

## बफी कोट ओळखणे

बफी कोट पांढऱ्या पेशी आणि बिंबिका यांचा बनलेला असतो. या पेशी तांबड्या पेशींपेक्षा हलक्या आणि रक्तद्रवापेक्षा जड असल्याने दोहोंच्या मध्ये स्थिरावतात. खालचा पांढऱ्या पेशींचा भाग करडा आणि वरचा बिंबिकांचा भाग मलईसारखा दिसतो. निरोगी रक्तात हा थर एकूण स्तंभाच्या एक टक्क्याहून कमी असतो, म्हणजे ५० मिलिमीटर स्तंभात अर्धा मिलिमीटर किंवा त्याहून कमी. तो दिसण्यासाठी नलिका पांढऱ्या पार्श्वभूमीवर, भरपूर उजेडात, डोळ्याच्या समपातळीत धरावी लागते. पीसीव्ही नेहमी या थराच्या खालच्या कडेपाशी वाचतात.

निरोगी रक्तात ही कड चुकली तर आकडा थोडाच बदलतो. रक्ताच्या कर्करोगात मात्र फरक गंभीर ठरतो. समजा, जीर्ण मज्जाजन्य रक्तकर्करोगाच्या एका रुग्णाच्या नलिकेत एकूण स्तंभ ५० मिलिमीटर, तांबड्या पेशींचा स्तंभ १५ मिलिमीटर आणि बफी कोट ४ मिलिमीटर आहे. खालच्या कडेपाशी वाचल्यास १५ भागिले ५०, म्हणजे पीसीव्ही ३० टक्के येतो आणि रक्तक्षय स्पष्ट होतो. बफी कोट चुकून तांबड्या स्तंभात धरला तर १९ भागिले ५०, म्हणजे ३८ टक्के येतात. मग रक्तक्षय लक्षात येत नाही, आणि जाड फिकट थराने पांढऱ्या पेशींच्या वाढीविषयी दिलेली सूचनाही हातची जाते.

थराच्या जाडीवरून पेशींची संख्या सांगता येत नाही. थर डोळ्यात भरण्याइतका जाड असेल तर रक्ताचा पातळ लेप करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे आवश्यक ठरते. तांबड्या स्तंभाचा माथा कधीकधी पुसट दिसतो, कारण नुकत्याच तयार झालेल्या तांबड्या पेशी हलक्या असल्याने वर राहतात. त्या तांबड्या पेशीच असल्याने मोजणीत धरतात.

## अडकलेला रक्तद्रव

कितीही वेगाने फिरवले तरी तांबड्या स्तंभातील सर्व रक्तद्रव बाहेर पडत नाही. लवचीक पेशी दाबाखाली आकार बदलून एकमेकींना चिकटून बसतात, तरी त्यांच्यामध्ये थोड्या फटी उरतात. सामान्य रक्तात असा रक्तद्रव तांबड्या स्तंभाच्या सुमारे १ ते ३ टक्के असतो. पीसीव्ही ४५ टक्के आणि अडकलेला रक्तद्रव २ टक्के असेल, तर खरा आकडा ४४.१ ठरतो. रोजच्या कामात हा फरक बहुधा सोडून देतात. त्याचे मापन करण्यासाठी किरणोत्सारी आयोडीनने चिन्हांकित केलेला अल्ब्युमिन रक्तद्रवात मिसळतात आणि तांबड्या स्तंभात तो किती राहिला हे पाहतात.

पेशी ताठ झाल्या की हे प्रमाण वाढते. सिकलसेल आजारात कोयत्याच्या आकाराच्या कडक पेशी नीट दाबून बसत नाहीत. गोलाकार पेशींचा आजार, थॅलॅसेमिया आणि लोहाच्या कमतरतेचा रक्तक्षय यांतही रक्तद्रव अधिक अडकतो. विदर्भातील आणि नंदुरबार भागातील आदिवासी समाजांत सिकलसेल आढळत असल्याने तेथील प्रयोगशाळांत ही बाब विशेष लक्षात ठेवावी लागते.

याचा परिणाम पीसीव्हीवरून काढलेल्या आकड्यांवरही होतो. समजा, सिकलसेल रुग्णाचे हिमोग्लोबिन ८.६ ग्रॅम आणि पीसीव्ही २८ टक्के आहे. हिमोग्लोबिनला पीसीव्हीने भागून शंभराने गुणल्यास पेशींतील हिमोग्लोबिनची सरासरी संहती ३०.७ येते. ती ३२ या नेहमीच्या खालच्या मर्यादेहून कमी असल्याने लोहाची कमतरता असावी असे वाटते. पण स्तंभात ५ टक्के रक्तद्रव अडकला असेल, तर खरा पीसीव्ही २६.६ आणि संहती ३२.३ होते. पेशी फिकट नव्हत्या. त्यांच्यामधला रक्तद्रव पेशी म्हणून मोजला गेला होता. स्वयंचलित यंत्रे पेशींची संख्या आणि सरासरी आकार यांच्या गुणाकारातून हिमॅटोक्रिट काढतात. त्यामुळे अशा रुग्णांत यंत्राचा आकडा नलिकेच्या आकड्यापेक्षा कमी येऊ शकतो.

## इतर त्रुटी आणि त्यांच्या खुणा

* वेळ किंवा वेग कमी पडल्यास पेशी पूर्ण बसत नाहीत आणि आकडा जास्त येतो. तीच नलिका पुन्हा फिरवल्यावर स्तंभ आखूड झाला, तर पहिले फिरवणे अपुरे होते.
* मातीचे बूच सैल असल्यास तळाकडून रक्त गळते. त्यात तांबड्या पेशी जास्त जात असल्याने आकडा कमी येतो. रबरी पट्टीवरील रक्ताचा डाग ही याची खूण होय.
* ईडीटीए प्रमाणाबाहेर झाल्यास पेशी आकसतात आणि आकडा कमी येतो. अर्धवट भरलेल्या बाटलीत असे घडते.
* बोट पिळून रक्त काढल्यास ऊतींतील द्रव मिसळतो आणि आकडा घटतो.
* दंडावरील पट्टा बराच वेळ आवळलेला राहिल्यास रक्त घट्ट होते आणि आकडा वाढतो.

रक्तद्रवाचा रंगही नोंदवतात. तो लालसर असल्यास पेशी फुटल्या आहेत, गडद पिवळा असल्यास काविळीची शक्यता आहे आणि दुधाळ असल्यास रक्तात मेद वाढला आहे असे समजतात. पेशी नमुना घेताना फुटल्या असतील, तर तांबडा स्तंभ खऱ्यापेक्षा आखूड झालेला असतो आणि नवा नमुना घ्यावा लागतो.