ऑफिसात वेगळा पत्ता, बाहेर वेगळा

समजा, साठेक माणसांचं एक ऑफिस आहे. मागच्या खोलीत कंपनीचा फाइल सर्व्हर आहे आणि त्याचं नाव आहे files.example.com. फिरतीवरची माणसं घरून किंवा लॉजवरून हे नाव ब्राउझरमध्ये टाकतात आणि कोटेशनं, ड्रॉइंग्ज उघडतात. सगळं नीट चालतं. पण ऑफिसातच बसलेल्या माणसाने तेच नाव टाकलं तर पान उघडत नाही. ब्राउझर मिनिटभर फिरत राहतो आणि मग सर्व्हरकडून प्रतिसाद आला नाही असं सांगतो. त्याच माणसाने मोबाइलचं वायफाय बंद करून डेटावर तोच पत्ता उघडला, तर पान लगेच समोर येतं. सर्व्हर मात्र त्याच्या टेबलापासून भिंतीपलीकडे आहे.

अनेक छोट्या कंपन्यांत ही तक्रार येते. तिचा दोष इंटरनेट कंपनीला किंवा सर्व्हरला दिला जातो, पण बहुतेक वेळा तो दोघांचाही नसतो. खरं कारण कळलं की उपायही कळतो, म्हणून आधी कारण पाहू.

ऑफिसातल्या प्रत्येक यंत्राला एक खासगी आयपी पत्ता असतो. १९९४ साली १० ने, १७२.१६ ते १७२.३१ ने आणि १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते अशा खासगी वापरासाठी राखून ठेवले गेले. ते कुणीही आपल्या आवारात वापरावेत, पण इंटरनेटवर ते चालत नाहीत. आपल्या उदाहरणात सर्व्हरचा पत्ता 192.168.10.20 आहे आणि कर्मचाऱ्याच्या लॅपटॉपचा 192.168.10.57. जगाला दिसणारा सार्वजनिक पत्ता एकच, 203.0.113.25, आणि तो राउटरकडे आहे. बाहेरून कुणी त्या पत्त्यावर आलं की राउटर ती पाकिटं आतल्या 192.168.10.20 कडे वळवतो.

नावावरून पत्ता शोधून देण्याचं काम डीएनएस करतं. files.example.com कुठे आहे असं विचारलं की इंटरनेटवरचं डीएनएस 203.0.113.25 असं उत्तर देतं. बाहेरच्या माणसासाठी ते बरोबर आहे. आतल्या लॅपटॉपलाही हेच उत्तर मिळतं आणि गोंधळ तिथे सुरू होतो. लॅपटॉप 203.0.113.25 ला पाकीट पाठवतो. ते राउटरकडे पोचतं, आणि राउटरने वळवलंच तर सर्व्हरपर्यंत जातं. पाकिटावर पाठवणाऱ्याचा पत्ता अजून 192.168.10.57 हाच आहे. सर्व्हरच्या दृष्टीने हा शेजारीच, म्हणून तो राउटरला न विचारता थेट लॅपटॉपला उत्तर देतो, स्वतःच्या 192.168.10.20 या पत्त्यावरून. लॅपटॉप वाट पाहतोय 203.0.113.25 कडून येणाऱ्या उत्तराची. हाक एकाला मारली आणि ओ भलत्यानेच दिली, असं हे होतं. तो ते उत्तर ओळखत नाही आणि टाकून देतो. दोन्ही बाजू बोलत असतात, तरी जोडणी होत नाही.

काही राउटरांत यावर उतारा असतो, त्याला हेअरपिन नॅट म्हणतात. राउटर पाठवणाऱ्याच्या जागीही स्वतःचा पत्ता घालतो, त्यामुळे उत्तर त्याच्याकडेच परत येतं. जोडणी होते, पण दोन गोष्टी बिघडतात. ऑफिसातला सगळा फाइलींचा भार विनाकारण राउटरमधून जातो, आणि सर्व्हरच्या नोंदवहीत ऑफिसातला प्रत्येक माणूस राउटर म्हणूनच दिसतो. कुणी कोणती फाइल उघडली हे पाहायची वेळ आली तर तिथे काही सापडत नाही. शिवाय इंटरनेटची लाइन गेली आणि तिच्याबरोबर सार्वजनिक पत्ता गेला, तर भिंतीपलीकडचा सर्व्हरही गेला.

म्हणून मला दुसरा मार्ग जास्त पटतो. प्रश्न विचारणारा ऑफिसात असेल तर डीएनएसनेच त्याला आतला पत्ता द्यावा. नाव तेच, पण आत 192.168.10.20 आणि बाहेर 203.0.113.25. याला स्प्लिट-होरायझन डीएनएस म्हणतात. नाव एकच राहिल्यामुळे सुरक्षा प्रमाणपत्रही तेच चालतं. ब्राउझर प्रमाणपत्रावरचं नाव तपासतो आणि नाव तर बदललेलं नाही. बाहेरसाठी एक आणि आतसाठी एक अशी दोन नावं ठेवली, की मेलमध्ये पाठवलेली प्रत्येक लिंक निम्म्या लोकांकडे उघडत नाही.

हे करायला ऑफिसात स्वतःचा एक रिझॉल्व्हर लागतो, म्हणजे सगळ्या यंत्रांचे नावांचे प्रश्न ज्याच्याकडे जातात असं एक यंत्र. बाइंड, डीएनएसमास्क, अनबाउंड असे फुकट मिळणारे प्रोग्राम त्यासाठी आहेत. बाइंडमध्ये व्ह्यू नावाची सोय आहे. तिच्यामुळे एकच सर्व्हर प्रश्न कुठून आला ते पाहून वेगवेगळी उत्तरं देतो. ज्यांचं सार्वजनिक डीएनएसही स्वतःकडेच आहे त्यांना ती उपयोगी. पण बहुतेक कंपन्यांचं सार्वजनिक डीएनएस डोमेन विकणाऱ्याकडे असतं. तिथे काही न बदलता आत फक्त अनबाउंड बसवला तरी पुरतं. 192.168.10.2 या पत्त्याच्या एखाद्या लहान लिनक्स यंत्रावर त्याची मांडणी इतकीच:

```
server:
  interface: 192.168.10.2
  access-control: 192.168.10.0/24 allow
  local-zone: "files.example.com." transparent
  local-data: "files.example.com. 300 IN A 192.168.10.20"
```

पहिल्या दोन ओळी महत्त्वाच्या, कारण मुळात अनबाउंड फक्त स्वतःच्याच यंत्राचे प्रश्न ऐकतो. शेवटची ओळ म्हणजे आपलं आतलं उत्तर. त्यातला ३०० हा आकडा सेकंदांचा आहे. उत्तर मिळालेल्या यंत्राने ते पाच मिनिटंच लक्षात ठेवावं, असा त्याचा अर्थ. मांडणी लिहून झाली की `unbound-checkconf` चालवून चूक नाही ना ते पाहावं आणि मग अनबाउंड पुन्हा सुरू करावा. आता files.example.com विचारलं की तो स्वतःच उत्तर देईल आणि बाकी सगळी नावं नेहमीप्रमाणे इंटरनेटवरून शोधून आणेल. त्या नावाला बाहेर आयपीव्ही६ चा पत्ता असला तरी आतल्यांना तो मिळणार नाही, कारण नाव स्थानिक असेल आणि विचारलेला प्रकार तिथे नसेल, तर अनबाउंड त्या प्रकाराचं उत्तर रिकामं देतो. हे बारीक वाटेल, पण नाहीतर नवे लॅपटॉप आयपीव्ही६ ला आधी पसंती देऊन पुन्हा बाहेरच्याच वाटेला लागले असते.

मांडणीत फक्त एकच नाव आहे, हे लक्षात घ्या. माझा सगळा आग्रह यावर आहे. पुष्कळ ठिकाणी, विशेषतः विंडोज सर्व्हरवर, लोक आतल्या डीएनएसमध्ये आख्खं example.com तयार करतात आणि त्यात files ची एक नोंद घालतात. त्या क्षणापासून तो सर्व्हर example.com चा मालक बनतो. www ची नोंद त्याच्याकडे नाही, तेव्हा असं नावच अस्तित्वात नाही असं तो ठामपणे सांगतो. तो इंटरनेटवर विचारायलाही जात नाही. कंपनीची वेबसाइट जगाला दिसते आणि फक्त कंपनीतल्यांना दिसत नाही. मग कुणीतरी www ची नोंद आत हाताने घालतो. पुढे वेबसाइट दुसऱ्या होस्टिंगवर गेली की ती नोंद शिळी होते आणि तोच घोळ पुन्हा सुरू होतो. विंडोजवरही उपाय सोपा आहे: झोनचं नावच files.example.com ठेवायचं आणि नोंदीच्या नावाची जागा कोरी सोडून पत्ता द्यायचा. बदल एका नावापुरता राहतो.

दुसरी अडचण येते ती यंत्रांनी प्रश्न कुणाला विचारायचा इथे. वायफायला जोडताना राउटरची डीएचसीपी सेवा प्रत्येक यंत्राला डीएनएसचे पत्ते देते. तिथे आपला 192.168.10.2 पहिला लिहायचा आणि आधार म्हणून दुसऱ्या जागी 8.8.8.8 ठेवायचा, अशी सवय सर्रास दिसते. पण दुसरा डीएनएस फक्त पहिला बंद पडल्यावरच वापरला जातो, असं नाही. पहिल्याकडून उत्तराला थोडा उशीर झाला की काही यंत्रं दुसऱ्याकडे जातात आणि तिथेच थांबतात. गूगलच्या रिझॉल्व्हरला आपलं आतलं उत्तर कुठून माहीत असणार? परिणाम असा की काही लॅपटॉपवर काही वेळा पान उघडतं आणि काही वेळा नाही, आणि अशी तक्रार सगळ्यात जास्त दमवते. आधार हवाच असेल तर आतच दुसरा रिझॉल्व्हर बसवावा आणि त्यात हीच ओळ घालावी. राउटर आयपीव्ही६ वरूनही स्वतःचा डीएनएस जाहीर करत नाही ना, हेही पाहावं.

यातूनही एक पळवाट उरते. ब्राउझर स्वतःच्या डीएनएस सेवेला परस्पर, गुप्त जोडणीवरून विचारू शकतो. फायरफॉक्स हे आपणहून सुरू करण्याआधी use-application-dns.net हे नाव नेटवर्कला विचारून पाहतो, आणि नाव सापडत नाही असं उत्तर आलं तर थांबतो. अनबाउंडमध्ये त्यासाठी ही एक ओळ पुरते:

```
local-zone: "use-application-dns.net." always_nxdomain
```

वापरणाऱ्याने ती सेवा स्वतः निवडली असेल, किंवा अँड्रॉइड फोनमध्ये खासगी डीएनएसचं नाव टाइप केलेलं असेल, तर मात्र ही ओळ चालत नाही. तिथे त्या माणसाशीच बोलावं लागतं.

काम झालं की नाही हे तीन प्रश्नांत कळतं. ऑफिसातल्या एका लॅपटॉपवर हे चालवा:

```
nslookup files.example.com
nslookup files.example.com 192.168.10.2
nslookup files.example.com 9.9.9.9
```

तिसऱ्याचं उत्तर 203.0.113.25 यायला हवं, कारण तो बाहेरचा रिझॉल्व्हर आहे. दुसऱ्याचं 192.168.10.20. पहिल्यात तुमचा लॅपटॉप आपणहून कुणाला विचारतो ते दिसतं. दुसरं बरोबर आणि पहिलं चूक असेल, तर रिझॉल्व्हर ठीक आहे आणि दोष डीएचसीपीत आहे. तिन्ही बरोबर असून ब्राउझर तरीही अडला, तर `ping files.example.com` करून पाहा. nslookup यंत्राची स्मरणातली उत्तरं बघत नाही, ping बघतो. तिथे जुना पत्ता दिसला तर विंडोजवर `ipconfig /flushdns` चालवा, आणि hosts फाइलमध्ये कधीकाळी कुणी हाताने लिहिलेली ओळ नाही ना ते बघा.

ते पाच मिनिटांचं आयुष्य लॅपटॉपसाठी ठेवलं आहे. दिवसाचं ठेवलं असतं, तर संध्याकाळी घरी गेलेला लॅपटॉप 192.168.10.20 च शोधत बसू शकला असता. एखाद्याच्या घरच्या नेटवर्कमध्ये त्या पत्त्यावर प्रिंटर असेल, तर ब्राउझर प्रमाणपत्र चुकीचं असल्याची ताकीद देतो आणि माणूस घाबरतो. पाच मिनिटांनी ते जुनं उत्तर आपोआप गळून पडतं.

एक मर्यादा सांगायलाच हवी. डोमेन डीएनएससेकने सही केलेलं असेल आणि कर्मचाऱ्याचं यंत्र स्वतः ती सही तपासत असेल, तर आपलं आतलं उत्तर बिनसहीचं म्हणून ते नाकारतं. साध्या ऑफिस लॅपटॉपांवर हे क्वचित घडतं, कारण तपासणी बहुधा रिझॉल्व्हरवर होते आणि तो आपलाच असतो.

या मांडणीला खरी देखभाल लागते ती सर्व्हर हलवताना. फाइल सर्व्हर क्लाउडवर गेला की सार्वजनिक नोंद लगेच बदलली जाते, कारण फिरतीवरची माणसं फोन करतात. आतली ओळ मात्र तशीच राहते. मग ऑफिसातली यंत्रं रिकाम्या झालेल्या 192.168.10.20 ला विचारत राहतात, आणि या वेळी मोबाइल डेटावर पान उघडत असल्यामुळे पुन्हा इंटरनेट कंपनीलाच फोन जातो. म्हणून स्थलांतराच्या कामांच्या यादीत सार्वजनिक नोंदीच्या शेजारीच अनबाउंडमधल्या त्या दोन `local-` ओळी काढण्याचं काम लिहावं, आणि ते झाल्यावर वरचे तीन nslookup पुन्हा चालवावेत. आता तिन्हींचं उत्तर सारखं यायला हवं.