कोपऱ्यातला चेहरा नेमकं काय झाकतो?

एक्सेल शिकवणारा व्हिडिओ फोनवर उघडला की अनेकदा एकच अडचण येते. शिक्षक दिसतो, त्याचं बोलणं कळतं, पण तो सेलमध्ये काय टाइप करतोय ते वाचता येत नाही. यात दोष बहुतेक वेळा मांडणीचा असतो. पडद्यावर चेहऱ्याला किती जागा द्यायची आणि कामाला किती, हे ठरवताना हिशेब केलेला नसतो.

हा हिशेब अवघड नाही. व्हिडिओची चौकट 1920 बाय 1080 पिक्सेलची धरू. स्प्लिट स्क्रीन म्हणून तिचे उभे दोन समान भाग केले, तर प्रत्येक भागाला 960 पिक्सेल रुंदी मिळते. संगणकाचा अख्खा पडदा त्यात बसवायचा तर तो 960 बाय 540 होतो, म्हणजे त्याचं क्षेत्रफळ चौथा हिस्सा उरतं आणि वरखाली काळे पट्टे राहतात. उभ्या धरलेल्या फोनवर हा व्हिडिओ साधारण सात सेंटिमीटर रुंद दिसतो. एक्सेलमधल्या 11 पॉइंटच्या अक्षराला तिथे आधीच जेमतेम अर्धा मिलिमीटर उंची मिळते, आणि स्प्लिट स्क्रीनमध्ये त्याचीही निम्मी होते. एवढं बारीक अक्षर वाचण्याच्या पलीकडचं आहे.

म्हणून बहुतेक जण पिक्चर-इन-पिक्चरकडे वळतात. कोपऱ्यातली 480 बाय 270 ची चौकट पडद्याचा फक्त सोळावा हिस्सा घेते आणि अक्षरांचा आकार जसाच्या तसा राहतो. पण ही चौकट सवयीने उजव्या खालच्या कोपऱ्यात जाते. एक्सेलमध्ये निवडलेल्या आकड्यांची बेरीज आणि सरासरी नेमकी तिथेच, तळपट्टीवर दिसते. `=SUM(B2:B13)` चं उत्तर पडताळायला शिक्षक सांगतो, आणि पडताळायची जागा त्याच्याच चेहऱ्याआड असते. चौकट वर नेली तर मेनूची बटणं झाकली जातात. थोडक्यात, प्रत्येक सॉफ्टवेअरचा मोकळा कोपरा वेगळा असतो आणि कधी कधी तो नसतोच.

माझ्या मते शिकवणीसाठी सगळ्यात चांगली आहे ती विषम विभागणी. पडद्याचं चित्र लहान करायचं नाही, खिडकीच अरुंद करायची. एक्सेलची खिडकी पडद्याच्या डाव्या 1440 पिक्सेलमध्ये बसवा आणि उरलेला 480 चा उभा पट्टा चेहऱ्याला द्या. ओबीएस स्टुडिओमध्ये पडद्याच्या सोर्सवर उजवं क्लिक करून Transform, मग Edit Transform उघडा आणि उजवीकडून 480 पिक्सेल कापा. कॅमेरा 1920 बाय 1080 चा असेल तर त्याच्या दोन्ही बाजूंनी 720 कापा, म्हणजे मधला 480 चा पट्टा उरतो. तो आडव्या 1440 या अंकावर ठेवा. आता काहीच झाकलं जात नाही आणि अक्षरं एका पिक्सेलनेही लहान होत नाहीत. शिवाय एक्सेलचा झूम 200 टक्के करा. मोठ्या अक्षरांमुळे स्तंभ कमी दिसतील, पण धड्यापुरते चार-पाच स्तंभ पुरतात.

याचा आणखी एक फायदा मला फार आवडतो. आपल्या पडद्याचा उजवा पट्टा प्रेक्षकांना दिसत नसल्याने धड्याची टिपणं तिथे उघडी ठेवता येतात. विंडोजच्या सूचना उजवीकडे खाली उगवतात, त्यातल्या बऱ्याचशा त्याच पट्ट्यात राहतात. मर्यादा एवढीच की अरुंद पट्ट्यात खांदे कापले जातात. त्यामुळे कॅमेऱ्यापासून थोडं मागे आणि बरोबर मध्यावर बसावं लागतं.

रिअ‍ॅक्शन व्हिडिओत मात्र गणित उलटं आहे. तिथे प्रेक्षक चेहऱ्यासाठीच आलेला असतो, मूळ गाणं किंवा ट्रेलर त्याने बहुधा आधी पाहिलेलं असतं. त्यामुळे समान विभागणी तिथे चालते, आणि फोनसाठीच्या 1080 बाय 1920 च्या उभ्या चौकटीत तर चेहऱ्याला त्याहूनही जास्त जागा देता येते. वर मूळ चित्र पूर्ण रुंदीने ठेवलं तरी त्याला सुमारे 608 पिक्सेल उंची लागते, बाकीची सगळी जागा चेहऱ्याला मिळते.

तिथला खरा धोका वेळेचा असतो. वेबकॅमचं चित्र बऱ्याचदा आवाजापेक्षा किंचित उशिरा येतं. हसू आधी ऐकू येतं आणि ओठ नंतर हलतात. कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवून रेकॉर्ड करा आणि टाळीचा आवाज व तळहात भिडल्याचं चित्र यांत किती फ्रेमचं अंतर आहे ते मोजा. सेकंदाला 30 फ्रेम असतील तर एक फ्रेम म्हणजे सुमारे 33 मिलिसेकंद. आवाज चार फ्रेम पुढे असेल तर ओबीएसच्या Advanced Audio Properties मध्ये मायक्रोफोनच्या Sync Offset ला 130 लिहा. हेडफोनही हवाच, नाहीतर मूळ गाणं मायक्रोफोनमध्ये शिरून दुहेरी ऐकू येतं.

ओबीएस हे सगळं एकाच चित्रात मिसळून साठवतं. चेहरा चुकीच्या जागी गेला तर नंतर तो हलवता येत नाही. तेव्हा पूर्ण धडा रेकॉर्ड करण्याआधी अर्ध्या मिनिटाचा नमुना घ्या, फोनवर टाका आणि फोन उभा धरून बघा. सेलमधलं सूत्र डोळे न ताणता वाचता आलं, तरच पुढे जा.