व्हीपीएन बंद केला, तरी परीक्षा सुरू होत नाही

लेखमाला : संगणकाच्या पोटात, लेखांक ९

परीक्षेचं सॉफ्टवेअर सुरू होताच कॉपी-पेस्ट का अडतं, दुसरा मॉनिटर का काढायला लावतं, हे मागच्या लेखांकात पाहिलं. त्यानंतर सर्वाधिक विचारला गेलेला प्रश्न व्हीपीएनचा होता. ‘व्हीपीएन चालू असताना परीक्षा सुरू होत नाही’ एवढीच तक्रार असती तर उत्तर एका ओळीत संपलं असतं : बंद करा. खरी अडचण पुढची आहे. विद्यार्थी शपथेवर सांगतो की बंद केलाय आणि सॉफ्टवेअर म्हणतं की चालू आहे. गंमत म्हणजे बहुतेक वेळा दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात.

एक प्रसंग घेऊ. समजा, नाशिकमधली एक विद्यार्थिनी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या विद्यापीठाचा ऑनलाइन अभ्यासक्रम करते आहे. परीक्षा तिथल्या दुपारी बाराला, म्हणजे उन्हाळ्यात आपल्याकडे रात्री साडेनऊला. विद्यापीठाच्या ग्रंथालयातली नियतकालिकं घरून वाचता यावीत म्हणून तिने महिन्याभरापूर्वी लॅपटॉपवर व्हीपीएन टाकलेला. नऊ वाजता ती परीक्षेचं सॉफ्टवेअर उघडते. कॅमेरा ठीक, माइक ठीक, नेट ठीक, आणि मग लाल अक्षरांत सूचना : व्हीपीएन आढळला, बंद करून पुन्हा प्रयत्न करा. ती व्हीपीएनच्या खिडकीत Disconnect दाबते. चिन्ह राखाडी होतं. पुन्हा प्रयत्न, पुन्हा तीच लाल अक्षरं.

आधी हे सॉफ्टवेअर एवढं का अडून बसतं, ते पाहू. व्हीपीएन चालू झाला की लॅपटॉपमधून निघणारी माहिती बंद बोगद्यातून दुसऱ्या कुठल्यातरी सर्व्हरपर्यंत जाते आणि तिथून बाहेर पडते. परीक्षा घेणाऱ्याला दिसतो तो त्या सर्व्हरचा आयपी पत्ता. नाशिकची मुलगी त्याला न्यू जर्सीत बसलेली दिसू शकते. परीक्षार्थी नोंदणीत दिलेल्या ठिकाणीच आहे का, एकाच खोलीतून दोघे जण तर पेपर देत नाहीत ना, मधेच पत्ता बदलून दुसऱ्या यंत्रावरून कुणी आत आलं का, हे ताडून पाहण्याचं एक साधन म्हणजे हा पत्ता. तो झाकला की ते साधन गेलं. शिवाय खाजगी जाळ्याला जोडलेल्या लॅपटॉपचा पडदा त्या जाळ्यातल्या दुसऱ्या माणसाने हाताळणंही सोपं होतं. व्हीपीएन असणं म्हणजे कॉपी करणं नव्हे. पण सॉफ्टवेअरला हेतू कळत नाही, म्हणून ते सरसकट नाही म्हणतं. मला हा नियम पटतो. त्याची सूचना लिहिण्याची पद्धत मात्र पटत नाही, त्याबद्दल शेवटी.

आता राखाडी चिन्हाकडे परत. सॉफ्टवेअर नेमकं काय तपासतं याची यादी कंपन्या जाहीर करत नाहीत, पण संगणकात व्हीपीएनची खूण उमटते अशा जागा ठरलेल्या आहेत. पहिली, चालू असलेले प्रोग्राम. Disconnect दाबल्याने बोगदा तुटतो, प्रोग्राम मात्र घड्याळाशेजारच्या कोपऱ्यात जिवंत राहतो. खिडकीवरची फुली दाबली तरी तो बहुधा तिथेच दडून बसतो. दुसरी जागा म्हणजे जाळ्याचं आभासी कार्ड. व्हीपीएन टाकताना तो वायफायच्या खऱ्या कार्डाशेजारी एक खोटं कार्ड उभं करतो आणि अनेकदा प्रोग्राम बंद केल्यावरही ते जागेवरून हलत नाही. तिसरी जागा बाहेरची : तुमचा आयपी पत्ता घरगुती नेट देणाऱ्या कंपनीचा आहे की डेटा सेंटरचा, हे परीक्षेच्या सर्व्हरला थेट दिसतं.

आपली विद्यार्थिनी विंडोजवर आहे असं धरू. पहिलं काम, कोपऱ्यातल्या चिन्हावर राइट क्लिक करून Exit किंवा Quit. तरीही अडलं तर कमांड प्रॉम्प्ट उघडून एक ओळ टाकायची :

```
ipconfig /all
```

लांबलचक यादी येते. घाबरू नका, त्यात फक्त adapter शब्द असलेले मथळे वाचायचे. तिच्या यादीत वायफायच्या आधी असं काही दिसेल :

```
Unknown adapter OpenVPN TAP-Windows6:
   Media State . . . . . : Media disconnected
   Description . . . . . : TAP-Windows Adapter V9
```

दुसरी ओळ सांगते की बोगदा तुटलेला आहे, म्हणजे विद्यार्थिनी खरं बोलते आहे. तिसरी ओळ सांगते की कार्ड अजून बसलेलं आहे, म्हणजे सॉफ्टवेअरही खरं बोलतं आहे. TAP, Wintun, WireGuard किंवा थेट व्हीपीएन कंपनीचं नाव, यातलं काही दिसलं तर कारण सापडलं असं समजायला हरकत नाही. मग विंडोज आणि R या कळा एकत्र दाबून `ncpa.cpl` लिहायचं, एंटर मारायचं. कार्डांची खिडकी उघडते. त्या आभासी कार्डावर राइट क्लिक, Disable. वायफायच्या कार्डाला हात लावायचा नाही. परीक्षा झाली की त्याच जागी Enable. काहीही काढून टाकावं लागत नाही, पण यासाठी लॅपटॉपचे अ‍ॅडमिन अधिकार मात्र लागतात.

याच यादीत vEthernet किंवा VirtualBox अशी नावं दिसली तर तो व्हीपीएन नाही. ती आभासी यंत्रांची कार्डं. संगणकशास्त्राच्या मुलांच्या लॅपटॉपवर हमखास असतात आणि परीक्षेचं सॉफ्टवेअर त्यांनाही बिचकू शकतं. तो वेगळा विषय.

दोन अडचणी अशा की त्यांचा माग पटकन लागत नाही. एक म्हणजे किल स्विच. व्हीपीएन अचानक तुटला तर आपला खरा पत्ता उघडा पडू नये म्हणून काही प्रोग्राम सगळं नेटच रोखून धरतात. अशा वेळी व्हीपीएन बंद केल्यावर लाल सूचना जाते, पण आता नेटच नसतं आणि विद्यार्थी राउटर बंद-चालू करत बसतो. किल स्विच व्हीपीएनच्या सेटिंगमध्ये जाऊन आधी बंद करायचा, मग प्रोग्राम. दुसरी अडचण, आपण व्हीपीएन वापरतो हे विद्यार्थ्याला ठाऊकच नसणं. काही अँटिव्हायरसच्या पॅकेजात तो आपसूक येतो. क्लाउडफ्लेअरचं वॉर्प मुलं ‘नेट फास्ट करायचं अ‍ॅप’ म्हणून टाकतात, पण ते बोगदाच बनवतं. ब्राउझरमध्ये फुकटचं एक्स्टेंशन असतं. ते `ipconfig`मध्ये दिसत नाही, `chrome://extensions` उघडून पाहावं लागतं. विंडोजच्या सेटिंगमध्ये Proxy नावाचं पान असतं. जुन्या व्हीपीएनने तिथे सोडलेला पत्ताही घोटाळा करतो. अ‍ॅपलच्या आयक्लाउड प्रायव्हेट रिलेने सफारीमधला पत्ता बदलतो, त्यामुळे परीक्षा ब्राउझरमध्ये असेल तर तोही बंद ठेवावा.

नोकरी सांभाळून प्रमाणपत्र परीक्षा देणाऱ्यांचा घोळ निराळाच. ऑफिसच्या लॅपटॉपवरचा व्हीपीएन कंपनीच्या धोरणाने चालतो. तुम्ही बंद केला तर थोड्या वेळाने आपोआप जोडला जातो, काही ठिकाणी बंद करायचं बटणच नसतं आणि अ‍ॅडमिन अधिकार आयटी विभागाकडे असतात. अर्ध्या पेपरात तो परत जोडला गेला तर परीक्षा मधेच तुटू शकते. पिअर्सन व्ह्यूच्या ऑनव्ह्यू परीक्षांच्या सूचनाही कंपनीचं फायरवॉल आणि व्हीपीएन यांपासून दूर राहा असंच सांगतात. इथे खटपटीत पडू नये. घरचा, भावंडाचा, मित्राचा साधा लॅपटॉप घ्यावा आणि ज्या नेटवर पेपर द्यायचा त्याच नेटवर चाचणी करून ठेवावी.

आता युक्त्यांबद्दल. ‘व्हीपीएनमध्ये भारत निवडला की झालं’ असा सल्ला वसतिगृहात फिरत असतो. सर्ट-इनने एप्रिल २०२२मध्ये व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांच्या नोंदी ठेवण्याचा आदेश दिला, तेव्हा काही मोठ्या कंपन्यांनी भारतातले सर्व्हर काढून घेतले. एक्सप्रेस व्हीपीएनने तर तेव्हा जाहीरच केलं की भारताचा पत्ता यापुढे सिंगापूर आणि ब्रिटनमधल्या सर्व्हरवरून दिला जाईल. म्हणजे नाशिकहून निघालेला पेपर सिंगापूरला वळसा घालून येणार, व्हिडिओ अडखळणार आणि तपासणाऱ्याला पत्ता तरीही डेटा सेंटरचाच दिसणार. राउटरवर व्हीपीएन चढवून लॅपटॉप स्वच्छ दाखवणं हीही तशीच युक्ती. लॅपटॉपवर खूण राहत नाही, पत्त्यावर राहते. आत शिरकाव झाला तरी नोंदी पुढे तपासल्या जातात आणि निकाल रोखला गेला तर स्पष्टीकरण तुम्हालाच द्यावं लागतं. सॉफ्टवेअरने दारातच अडवणं त्यापेक्षा कितीतरी बरं.

ज्याला व्हीपीएनशिवाय गत्यंतरच नाही, म्हणजे विद्यापीठाचं संकेतस्थळ कॅम्पसच्या जाळ्याबाहेर उघडतच नाही किंवा राहत्या देशात परीक्षेचं पान अडवलेलं आहे, त्याने परीक्षा विभागाला आधी लेखी कळवावं. व्यवस्था त्यांनी करायची असते.

ऐन वेळी अडकलात तर? विंडोजमधलं Network reset दाबू नका. ते सगळी कार्डं काढून नव्याने बसवतं, लॅपटॉप पुन्हा सुरू करायला लावतं आणि वायफायचा पासवर्ड परत टाकावा लागतो. रात्री नऊ वाजून पंचवीस मिनिटांनी तो राउटरच्या पाठीमागे शोधायची पाळी येऊ नये. त्याऐवजी प्रोग्राम Exit करा, लॅपटॉप एकदा रीस्टार्ट करा, व्हीपीएन आपोआप सुरू होत असेल तर टास्क मॅनेजरच्या Startup यादीत तो बंद करा. नेटचाच संशय असेल तर मोबाइलचा हॉटस्पॉट लावून पाहा, पण आधी परीक्षेच्या नियमांत हॉटस्पॉट चालतो का ते बघा. तरीही सूचना गेली नाही तर फोन बाजूला ठेवण्यापूर्वी पडद्याचा फोटो काढा, त्यात घड्याळ दिसू द्या. मदतकक्षाच्या चॅटवर तक्रार नोंदवून क्रमांक मागा आणि तोच फोटो व क्रमांक प्राध्यापकांना किंवा परीक्षा विभागाला ईमेल करा, पेपरची वेळ सुरू होण्याआधी. ‘त्या दिवशी सॉफ्टवेअर चाललं नाही’ या दुसऱ्या दिवशीच्या अर्जापेक्षा नऊ वाजून पंचवीस मिनिटांचा फोटो असलेल्या ईमेलला फार जास्त वजन असतं, आणि ऑनव्ह्यूसारख्या परीक्षांमध्ये तर वेळेच्या ३० मिनिटं आधी आत घेतात, तो अर्धा तास यासाठीच हाताशी असतो.

आणि सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांना, ते विकत घेणाऱ्या विद्यापीठांना एक विनंती. ‘व्हीपीएन आढळला’ एवढंच लिहू नका. कुठला प्रोग्राम की कुठलं कार्ड, त्याचं नाव पडद्यावर दाखवा. ते नाव तुमच्या सॉफ्टवेअरला माहीत असतं, विद्यार्थ्याला नसतं.